शहाण्णव किलोंखालचा फोम

धावण्याचे शूज घ्यायला धिप्पाड माणूस दुकानात शिरला की विक्रेत्याचा सल्ला ठरलेला असतो. "सर, तुमचं वजन जास्त आहे, सगळ्यात मऊ घ्या." मग तो एक जाडजूड तळव्याची जोडी काढतो. पाय घातला की खालून काहीतरी दबतंय असं छान वाटतं. गिऱ्हाईक दोन-चार पावलं चालून बघतं, हसतं आणि पैसे देतं. तीन-चार महिन्यांनी तीच जोडी टेबलावर ठेवून मागून पाहिली तर ती एका बाजूला कललेली असते. मधला थर सुरकुतलेला असतो आणि मालकाची नडगी दुखत असते. दोष वजनाला दिला जातो, कधी गुडघ्यांना, कधी वयाला. बूट चुकीच्या निकषावर निवडला होता, याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

वजन जास्त असलेल्या धावकाला मऊ बूट नको, असं माझं म्हणणं नाही. त्याला असा बूट हवा की ज्याचा फोम त्याच्या वजनाखाली पुरता चेपला जात नाही आणि चारशे किलोमीटरनंतरही बराचसा पहिल्यासारखाच वागतो. आणि तो फोम रुंद पायावर बसवलेला हवा. दुकानातल्या दोन मिनिटांत यातलं फार थोडं कळतं, म्हणून काय बघायचं ते आधीच ठाऊक असलेलं बरं.

आपण एक धावक डोळ्यांपुढे धरू. ठाण्यात राहणारा, बेचाळिशीचा, वजन ९६ किलो, बुटाचा नंबर नऊ. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये दहा किलोमीटरची शर्यत धावायची, असं त्याने ठरवलं आहे. एक किलोमीटर धावायला त्याला साधारण आठ मिनिटं लागतात.

दुकानात तो दोन्ही पायांवर उभा राहतो तेव्हा प्रत्येक बुटावर ४८ किलो भार असतो. मऊपणाची परीक्षा तो या ४८ किलोंवर घेतो. धावताना मात्र एका वेळी एकच पाय जमिनीवर असतो आणि त्यावर येणारं बल वजनाच्या दुपटीहून जास्त असतं. संथ धावणाऱ्यासाठी सव्वादोन पट धरली तरी ते दोनशे किलोंच्या पुढे जातं. म्हणजे रस्त्यावर त्या फोमवर दुकानातल्या चौपटीहून जास्त भार येतो. मऊ लागणारा बूट इतक्या भाराखाली कसा वागेल, हे उभं राहून कधीच समजत नाही.

इथे फोमची थोडी ओळख करून घ्यायला हवी. बुटाचा वरचा कापडी भाग आणि खालचं रबर यांच्या मध्ये जो जाड थर असतो त्याला मिडसोल म्हणतात. १९७० च्या दशकापासून तो मुख्यतः ईव्हीए नावाच्या प्लास्टिकच्या फोमचा बनत आला आहे. या फोममध्ये हवेचे किंवा वायूचे असंख्य बारीक बंद कप्पे असतात. त्यावर भार टाकला की सुरुवातीला तो थोडा विरोध करतो. भार वाढला की कप्प्यांच्या पातळ भिंती दुमडू लागतात आणि फोम सहज खाली जातो. आपल्याला मऊ वाटतो तो हा टप्पा, आणि आघात शोषला जातो तोही इथेच. भार आणखी वाढला की भिंती एकमेकींना टेकतात, दबायला जागाच उरत नाही आणि फोम एकदम कडक होतो. धावणारी मंडळी तेव्हा म्हणतात, "आता जमीन लागते."

अतिमऊ फोम साठ किलोंच्या माणसाखाली मधल्या टप्प्यात राहतो. तोच फोम ९६ किलोंच्या माणसाखाली प्रत्येक पावलाला शेवटच्या टप्प्यात जाऊन आपटतो. एकच बूट एकाला मऊ लागतो आणि दुसऱ्याला कडक, आणि ज्याला तो कडक लागतो त्यालाच नेमका मऊ म्हणून विकला जातो. शिवाय रोज शेवटपर्यंत दाबल्या जाणाऱ्या कप्प्यांच्या भिंती लवकर सुरकुततात आणि फाटतात. फोम मूळ उंचीला परत येईनासा होतो.

या शंकेला संशोधनाचाही आधार आहे. लक्झेंबर्गमधल्या संशोधकांनी २०२० साली एक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. हौशी धावक ८४८, कालावधी सहा महिने, आणि बुटांचे दोन प्रकार. दिसायला दोन्ही सारखे, पण एकाचा मिडसोल मऊ आणि दुसऱ्याचा कडक. कोणाला कोणता मिळाला आहे हे धावकांना सांगितलं नव्हतं. कडक बुटांत दुखापतीचा धोका एकूणात सुमारे दीडपट निघाला. इथवर अपेक्षेप्रमाणेच झालं. मग त्यांनी धावकांचे वजनानुसार दोन गट केले. मऊ बुटाचा फायदा हलक्या धावकांत ठळक दिसला आणि जड धावकांत तो तितका स्पष्ट उरला नाही. लोकांचा समज नेमका याच्या उलट आहे. जड माणसाला कुशनिंग नको, असा याचा अर्थ काढणं घाईचं होईल. पण नुसता मऊपणा वाढवून त्याचा प्रश्न सुटत नाही, एवढं म्हणायला हरकत नाही.

त्याआधी, २०१८ मध्ये, फिनलंडच्या संशोधकांनी जाड तळव्याचा अतिकुशन असलेला बूट आणि नेहमीचा बूट यांची तुलना केली होती. माणसं फक्त बारा होती, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण वेग वाढवल्यावर जाड बुटांतच पहिला आघात जास्त निघाला. खाली मऊ लागलं की शरीर पाय ताठ करतं, असं त्यांना आढळलं. वाळूवरून डांबरी रस्त्यावर आल्यावर आपली चाल आपोआप बदलते, हे चौपाटीवर धावणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

मग दुकानात काय मागायचं? बेताचा घट्ट आणि जाड फोम. टाचेच्या बाजूने मिडसोल अंगठ्याने दाबून बघा. अंगठा सहज आत जाऊन तिथे खड्डा थोडा वेळ तसाच राहिला, तर तो बूट आपल्या ९६ किलोंच्या मित्राने परत ठेवावा. जोर लावल्यावर फोम दबायला हवा आणि सोडताच वर यायला हवा. काही शूजमध्ये मिडसोलचे दोन थर असतात, वर मऊ आणि खाली घट्ट. जड धावकासाठी ही रचना मला आवडते. पायाला मऊ लागतं आणि शेवटचा जोर खालचा थर सोसतो. मण्यांसारखे दाणे एकमेकांना चिकटवून केलेला टीपीयू फोमही बाजारात आहे. आदिदासने २०१३ मध्ये बूस्ट या नावाने तो लोकप्रिय केला. तो वजनाला भारी असतो, पण आकार चांगला धरून ठेवतो. शर्यतीच्या महागड्या शूजमध्ये येणारा पीबा हा फोम कमालीचा हलका आणि उसळणारा आहे. पण तो सहसा अरुंद टाचेच्या, कमी रबराच्या बुटात घातलेला असतो. दहा किलोमीटर आठ मिनिटांच्या गतीने धावणाऱ्या जड माणसाने रोजच्या सरावासाठी त्यावर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बुटाच्या वजनाचाही फार बाऊ नको. नऊ नंबरची एक चपळ जोडी प्रत्येकी २३० ग्रॅमची असेल आणि दणकट जोडी प्रत्येकी ३२० ग्रॅमची. हे नव्वद ग्रॅम कुठून वाचवलेले असतात ते तळवा उलटा करून बघा. बहुतेकदा खालचं रबर काढून तिथे फोम उघडा ठेवलेला असतो. डांबरावर आणि काँक्रीटवर उघडा फोम रबराच्या मानाने फार लवकर झिजतो. टाचेच्या बाहेरच्या कडेला आणि चवड्याखाली सलग रबर आहे ना, ते पाहून घ्या.

आता रुंदी. इथे रुंदी दोन प्रकारची असते आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक पायाला आतून मिळणारी जागा, दुसरी जमिनीवर टेकणाऱ्या तळव्याची रुंदी. आधी दुसरीविषयी बोलू, कारण ती मोजायचं कोणालाच सुचत नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत बुटांचे तळवे उंच होत गेले आहेत. टाचेखाली पस्तीस ते चाळीस मिलिमीटर जाडी आता रोजच्या बुटातही सर्रास दिसते. उंची वाढली आणि रुंदी तीच राहिली की पाय एका बाजूला कलणं सोपं होतं. कलण्याची खोड अशी की ती स्वतःच स्वतःला वाढवत नेते. समजा पाय थोडा आतल्या बाजूला झुकतो. मग आतल्या बाजूच्या फोमवर जास्त भार पडतो आणि तो बाहेरच्या बाजूपेक्षा लवकर बसतो. बसला की पुढचं पाऊल आणखी आत झुकतं. हलक्या माणसाच्या बुटात हे व्हायला खूप वेळ लागतो. जड माणसाच्या अरुंद बुटात दोनशे किलोमीटरच्या आत हा उतार उघड्या डोळ्यांनी दिसू लागलेला मी पाहिला आहे. त्यामुळे रुंद तळवा ही टिकाऊपणाचीच बाब आहे. भार जास्त क्षेत्रावर पसरला की प्रत्येक इंचाच्या वाट्याला कमी दाब येतो आणि फोम त्या शेवटच्या कडक टप्प्यापासून लांब राहतो.

एक साधी मोजपट्टी खिशात ठेवा. बूट उलटा करून तीन ठिकाणी रुंदी मोजा: टाचेच्या सगळ्यात रुंद भागी, मध्ये कंबरेसारखा निमुळता होतो तिथे आणि चवड्याखाली. नऊ नंबरच्या पुरुषी बुटासाठी माझा अंगठेछाप नियम असा आहे की टाचेला पंच्याण्णव मिलिमीटरच्या आसपास, मधे किमान पंच्याहत्तर आणि चवड्याखाली एकशे पंधरा किंवा जास्त असावेत. लहान नंबराला हे आकडे थोडे कमी होतील. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे. मधली रुंदी सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण दिसायला छान म्हणून कंपन्या तिथेच कापतात आणि पायाची कमान दबते तीही तिथेच. बूट वरून पाहा. तळव्याची कड कापडी भागाच्या बाहेर आलेली दिसली तर चांगलं. काही बुटांत फोमच्या कडा वर उचललेल्या असतात आणि पाय त्यांच्या मध्ये थोडा खोल बसतो. त्याचाही उपयोग होतो.

पूर्वी 'स्टेबिलिटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बुटात आतल्या बाजूला कडक फोमचा ठोकळा असायचा. आता बऱ्याच कंपन्या तेच काम रुंद पाया आणि उंच कडा यांच्याकडून करून घेतात. असिक्सचा कायानो, ब्रूक्सचा ग्लिसरिन जीटीएस, होकाचा बाँडी ही नावं जड धावकांच्या गप्पांत सतत येतात ती याचसाठी. पण दर एक-दोन वर्षांनी नावापुढचा आकडा बदलतो आणि त्याबरोबर फोमही बदलतो. नावापेक्षा मोजपट्टीवर विसंबणं शहाणपणाचं.

मोजून झालं की घालून बघा. एका पायावर वीस सेकंद उभं राहा. मग त्याच पायावर गुडघा थोडा वाकवून तीन-चार वेळा खाली-वर करा आणि शेवटी जागेवर सात-आठ उड्या मारा. सोबतच्या माणसाला मोबाइल जमिनीलगत धरून मागून व्हिडिओ काढायला सांगा. बुटाच्या मागच्या बाजूची मधली शिवण उभी राहते का, की प्रत्येक उडीला आत किंवा बाहेर झुकते, हे त्यात स्वच्छ दिसतं. एका पायावरच्या उडीत भार धावण्याच्या बराच जवळ जातो. चाळीस पावलं चालून जे कळत नाही ते इथे कळतं. थोडी हालचाल सगळ्यांचीच होते. घोटा मात्र फोमच्या मागे फरफटत जाताना दिसला तर जोडी बदला. टाचेमागचा कप दोन बोटांनी दाबून पाहा. तो कागदासारखा दुमडत असेल तर या वजनाला पुरणार नाही.

आता पायाची जागा. भारतात बूट बहुतेक युरोप-अमेरिकेच्या साच्यांवर बनतात आणि आपले पाय त्या साच्यांपेक्षा रुंद आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून जास्त माणसांचे पाय मोजले आणि 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली. त्या पाहणीतही हेच निघालं. जड माणसाचा पाय भाराखाली आणखी पसरतो. त्यामुळे बसून घेतलेलं माप त्याच्या कामाचं नाही.

घरी, संध्याकाळी, शक्यतो धावून आल्यावर कागदावर उभं राहून पायाची बाह्यरेखा काढा. दोन्ही पायांची. लांबी मोजा आणि चवड्याच्या सगळ्यात रुंद भागाचीही मापं घ्या. दोन पायांत फरक असेल तर मोठ्या पायाप्रमाणे बूट घ्यायचा. दुकानात बुटातलं इनसोल बाहेर काढून त्यावर उभं राहा. करंगळीची बाजू किंवा अंगठ्याचा सांधा इनसोलच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट रुंदीला लहान आहे, मग नंबर काहीही असो. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे सेंटिमीटरभर जागा हवी.

इथे एक चूक हमखास होते. रुंदी पुरत नाही म्हणून विक्रेता एक नंबर मोठा देतो. यूके मापात एक पूर्ण नंबर म्हणजे साडेआठ मिलिमीटरची लांबी. रुंदी त्या मानाने थोडीच वाढते. मग बूट जिथे वाकायला हवा तिथे न वाकता पुढे वाकतो आणि टाच आत घसरते. त्याऐवजी रुंद साचा मागा. पुरुषांच्या बुटात नेहमीची रुंदी डी, रुंद २ई आणि फार रुंद ४ई अशी खूण खोक्यावर असते. बायकांच्या बुटात बी नेहमीची आणि डी रुंद. भारतातल्या दुकानांत २ई कधीकधीच ठेवलेले असतात. पण मागितल्यावर दोन-चार दिवसांत मागवून देणारी दुकानं आहेत. बायकांच्या विभागात रुंद जोडी मिळाली नाही तर पुरुषांच्या बुटात योग्य लांबीचा लहान नंबर घालून बघायला काहीच हरकत नाही.

किती किलोमीटरनंतर बूट बदलायचा, यावर जिथे तिथे एकच उत्तर मिळतं: पाचशे ते आठशे. हा अंदाज वाईट नाही, पण तो किलोमीटरमध्ये मोजतो. बूट झिजतो तो पावलांनी.

आपला ठाणेकर मिनिटाला साधारण १६० पावलं टाकतो आणि एका किलोमीटरला आठ मिनिटं घेतो. म्हणजे किलोमीटरला १,२८० पावलं, प्रत्येक बुटाच्या वाट्याला ६४०. त्याचा एक मित्र ६५ किलोंचा आहे. किलोमीटरला साडेपाच मिनिटं, मिनिटाला १७० पावलं. त्याची किलोमीटरला ९३५ पावलं होतात, प्रत्येक बुटाला साधारण ४६७. मित्राचा बूट ७०० किलोमीटर चालला असेल तर त्याने सुमारे सव्वातीन लाख दणके खाल्ले. ठाणेकराच्या बुटाला तेवढेच दणके ५१० किलोमीटरमध्येच बसतात. आणि हे झालं नुसत्या संख्येचं. मित्र जोरात धावतो म्हणून त्याचा प्रत्येक दणका वजनाच्या अडीचपट धरला, तर १६२ किलोंचा होतो. ठाणेकराचा सव्वादोन पटीने २१६ किलोंचा. दणका जड आणि किलोमीटरमागे संख्याही जास्त. त्यामुळे जड आणि संथ धावकाने ४०० किलोमीटरपासून बुटाकडे संशयाने बघायला सुरुवात करावी आणि ६०० च्या पुढे नेण्याआधी फार विचार करावा, असं मी सांगतो. चांगला घट्ट फोम आणि रुंद पाया असेल तर तो सहाशेच्या जवळ जाईल. अतिमऊ असेल तर चारशेही गाठणार नाही.

फोमची झीज सरळ रेषेत होत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. १९८५ साली अमेरिकेत झालेल्या एका जुन्या प्रयोगात यंत्राने बुटांवर धावण्यासारखे दणके दिले. पहिल्या पन्नास मैलांत, म्हणजे ऐंशी किलोमीटरमध्येच, आघात शोषण्याची क्षमता पाऊण हिश्श्यावर आली. अडीचशे ते पाचशे मैलांच्या दरम्यान ती साठ टक्क्यांच्याही खाली गेली. माणसांनी प्रत्यक्ष वापरलेल्या बुटांत घट कमी होती. पाचशे मैलांनंतरही त्यांच्यात सुमारे सत्तर टक्के क्षमता उरली होती. बुटाची किंमत किंवा कंपनी यांवरून त्या बाबतीत फरक दिसला नाही. तेव्हाचे फोम आणि आजचे फोम यांत अंतर आहे, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण सुरुवातीची घसरण लवकर होते आणि मग गती मंदावते, हा आकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. नव्या बुटाचं पहिल्या आठवड्यातलं सुख तिसऱ्या आठवड्यात ओसरलं म्हणजे बूट संपला, असं समजायचं कारण नाही. २००४ मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात ५०० किलोमीटर धावलेल्या ईव्हीए बुटांत टाचेखालचा सर्वोच्च दाब सरासरी दुप्पट झालेला आढळला. ७५० किलोमीटरनंतर सूक्ष्मदर्शकाखाली फोमच्या कप्प्यांच्या भिंती सुरकुतलेल्या आणि काही ठिकाणी भोकं पडलेल्या दिसल्या. हे सारं बुटाच्या आत घडतं. तोवर खालचं रबर पुष्कळदा धडधाकटच असतं, आणि रबर शिल्लक आहे म्हणून लोक धावत राहतात.

म्हणून नवी जोडी आणली की त्याच दिवशी तीन कामं करावीत. जिभेच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख लिहायची. टाचेच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला मिडसोलची उंची मोजपट्टीने मोजून वहीत टिपायची. आणि बूट टेबलावर ठेवून मागून एक फोटो काढायचा. दर महिन्याला तीच उंची मोजा आणि तसाच फोटो काढा. दोन्ही बाजूंची उंची थोडी-थोडी कमी होईल, ते ठीक. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे जास्त बसली, फोटोत मागची शिवण तिरकी दिसू लागली, तर किलोमीटर कितीही झालेले असोत, त्या बुटाची धावण्यातून निवृत्ती. मिडसोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडणं नेहमीचं आहे. पण बूट रिकामा असतानाही त्या मिटत नसतील, तर फोम परत येत नाहीये. टाचेच्या बाहेरच्या कडेचं रबर झिजणं बहुतेक सगळ्यांचंच होतं. तिथे खालचा वेगळ्या रंगाचा फोम दिसू लागला की मात्र थांबा.

दुसरी खूण शरीर देतं. सराव वाढवलेला नाही, रस्ता तोच, झोप नीट, तरीही दोन्ही नडग्यांत किंवा दोन्ही गुडघ्यांभोवती धावल्यानंतर नवीनच ठणका सुरू झाला, तर आधी बुटाचा हिशेब तपासा. दुखणं एकाच पायात असेल किंवा हाडावर बोट ठेवताच नेमक्या जागी कळ येत असेल, तर बूट बदलून भागणार नाही. धावणं थांबवून डॉक्टरांकडे जायला हवं.

आपल्या हवेत आणखी दोन शत्रू आहेत. बंद गाडीतली दुपारची उष्णता, आणि पावसाळा. एप्रिल-मे मध्ये डिकीत ठेवलेल्या बुटाचा ईव्हीए आकसू शकतो आणि डिंक सुटतो. पावसात भिजलेला बूट रेडिएटरसारख्या गरम जागेजवळ, इस्त्रीखाली किंवा कडक उन्हात वाळवू नका. इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला आणि पंख्याखाली ठेवा. पुरता वाळायला दोन दिवस लागतात. त्यासाठी तरी दुसरी जोडी लागते.

दुसऱ्या जोडीचा प्रश्न खर्चाचा वाटतो, पण तसा तो नाही. दोन जोड्या आलटून-पालटून वापरल्या तर एकूण किलोमीटर तेवढेच राहतात, फक्त विभागले जातात. लक्झेंबर्गच्याच गटाने २६४ धावकांना बावीस आठवडे पाहिलं तेव्हा एकाहून जास्त जोड्या वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. वेगळा बूट पायावर भार थोडा वेगळा टाकतो, हे त्यामागचं संभाव्य कारण. म्हणून दुसरी जोडी पहिलीची हुबेहूब नक्कल नसली तरी चालेल. दोन्ही रुंद हव्यात, एवढंच.

आपल्या ठाणेकराचं वेळापत्रक असं बसतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याने दोन-तीन दुकानं फिरून २ई रुंदीची, टाचेला शहाण्णव मिलिमीटरची घट्टसर जोडी घेतली. ऑगस्ट अखेरपर्यंत तेरा आठवडे, आठवड्याला वीस किलोमीटर. तिच्यावर २६० झाले. सप्टेंबरात सणासुदीच्या सवलती सुरू होतात तेव्हा त्याने दुसरी जोडी घेतली. बाजारात आलेला ताजा अंक सोडून मागच्या वर्षीचं मॉडेल घेतलं, तेही माप घालून बघूनच. त्यानंतर शर्यतीपर्यंत वीस आठवडे तो आठवड्याला पंचवीस किलोमीटर धावतो. पंधरा नव्या जोडीत, दहा जुन्या जोडीत. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी नव्या जोडीवर ३०० किलोमीटर असतील आणि जुनीवर ४६०. शर्यतीला नवी जोडी घालायची. पहिला मऊपणा ओसरून ती पायाला बसलेली असेल आणि फोममध्ये अजून पुष्कळ जीव असेल. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात कोरी जोडी घेऊन रविवारी पायाला फोड आणणारे दरवर्षी दिसतात. त्यांच्यात हा नसेल.

जुन्या जोडीचं पुढे काय, ते तिच्या फोटोवर ठरवायचं. चालताना पायावर येणारं बल वजनाच्या जेमतेम सव्वापट असतं. त्यामुळे धावण्यातून निवृत्त झालेला बूट तळ सपाट असेल तर भाजी आणायला, ऑफिसला जायला, तलावपाळीवर फेरी मारायला सहा महिने आरामात चालतो. एका बाजूला कललेला असेल तर तो चालण्यासाठीही ठेवू नये, आणि वजन जास्त असलेल्या दुसऱ्या कोणाला तर मुळीच देऊ नये.